पीएनआर आला, म्हणजे तिकीट निघालं का?

एजंटाकडून व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ येते. तिच्यात वर सहा अक्षरांचा एक विचित्र शब्द, खाली तेरा आकड्यांची एक लांबलचक संख्या आणि मग दोन पानं भरून बारीक इंग्रजी मजकूर. पहिल्यांदा विमानानं जाणारा माणूस त्यातली तारीख आणि वेळ तेवढी पाहतो, ‘आलं बाबा तिकीट’ म्हणतो आणि फोन खिशात ठेवतो. पुढे विमानतळावर जे घोळ होतात, त्यांतले बरेचसे याच दोन पानांवर आधी दिसत असतात.

त्या सहा अक्षरांना पीएनआर म्हणतात, तेरा आकड्यांना ई-तिकीट क्रमांक आणि त्या दोन पानांना इटिनररी रिसीट. तिन्ही गोष्टी एकाच प्रवासाच्या असल्या तरी तिघींची कामं निरनिराळी आहेत. पीएनआर सांगतो की विमानात तुमच्यासाठी जागा राखली आहे. तिकीट क्रमांक सांगतो की त्या जागेचे पैसे भरले गेले आणि कंपनी तुम्हाला नेण्यास बांधील आहे. रिसीट म्हणजे हे सगळं ज्या क्षणी छापलं, त्या क्षणी ते कसं होतं याचा कागद.

नमुन्यादाखल एक प्रवास घेऊ. नागपूरच्या एक बाई मुलीकडे लंडनला निघाल्या आहेत, मुंबईत विमान बदलून, एअर इंडियानं जाऊन-येऊन. नाव, आकडे आणि वेळा मी बनवलेल्या आहेत, पण मांडणी खऱ्या रिसीटसारखीच आहे.

```
PATIL/SUNANDA ANANDRAO MRS
BOOKING REF: 7K3QXM
E-TICKET: 098 2134567890
NAG-BOM 13JUN 2010-2145   OK 1PC
BOM-LHR 14JUN 0220-0650   OK 1PC
LHR-BOM 20AUG 2030-1000+1 OK 1PC
BOM-NAG 21AUG 1420-1555   OK 1PC
```

‘7K3QXM’ हा पीएनआर. रेल्वेमुळे हा शब्द आपल्या घराघरांत आहे, पण रेल्वेचा पीएनआर दहा आकडी असतो आणि विमानाचा सहा अक्षरांचा, त्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळलेले. रेल्वेची आणखी एक सवय इथे सोडावी लागते. गाडीचं तिकीट कन्फर्म झालं की डबा आणि बर्थ कळतो. विमानाचं आरक्षण पक्कं झालं तरी खिडकीची की मधली खुर्ची हे रिसीटवर बहुधा नसतं. ते चेक-इन करताना ठरतं, किंवा आधी पैसे देऊन निवडलं असेल तर वेगळं लिहून येतं. म्हणून सीट नंबर दिसला नाही, तर घाबरण्याचं कारण नाही. त्या चार ओळींतलं ‘OK’ म्हणजे जागा पक्की. तिथे ‘RQ’ असेल तर जागा फक्त मागितली आहे, मिळालेली नाही.

एका पीएनआरमध्ये आई, वडील, दोन मुलं असे सगळे बसू शकतात. जाण्याची आणि येण्याची सगळी विमानं त्यातच असतात. तिकीट क्रमांक मात्र माणसागणिक वेगळा. चौघांचं कुटुंब असेल तर पीएनआर एक आणि तिकीट क्रमांक चार. मांडीवरच्या तान्ह्या बाळालाही अशा प्रवासात स्वतःचा क्रमांक मिळतो. चौघांच्या रिसीटवर तीनच क्रमांक दिसले, तर चौथ्याचं तिकीट कुठे आहे हे त्याच दिवशी विचारायचं.

आता ती लांबलचक संख्या. तिचे पहिले तीन आकडे विमान कंपनीची खूण असतात. 098 म्हणजे एअर इंडिया, 176 म्हणजे एमिरेट्स, 220 म्हणजे लुफ्तान्सा. पुढचे दहा आकडे त्या तिकिटाचे स्वतःचे. कधी विमान एका कंपनीचं आणि पहिले तीन आकडे दुसरीचे असतात. त्यात फसवणूक नसते; तिकीट ज्या कंपनीच्या नावानं निघालं तिची ती खूण असते. बदल किंवा परताव्यासाठी आधी तिच्याशी किंवा तिकीट काढणाऱ्या एजंटाशी बोलावं लागतं.

या एका क्रमांकाच्या आत चार कूपनं असतात, प्रत्येक उड्डाणाचं एक. जुन्या काळी ही खरोखरची कागदी कूपनं असायची. पातळ पानांचं छोटं पुस्तक, मागे लाल कार्बन, आणि विमानतळावरचा माणूस त्यातलं एकेक पान फाडून घ्यायचा. 1 जून 2008 पासून विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं, म्हणजे आयाटानं, आपल्या व्यवस्थेतली कागदी तिकिटं बंद केली. पान गेलं, कूपन राहिलं. आता ते कंपनीच्या संगणकात असतं आणि त्याची अवस्था बदलत जाते. तिकीट निघालं की ‘OPEN FOR USE’, चेक-इन केलं की ‘CHECKED IN’, प्रवास झाला की ‘FLOWN’ किंवा ‘USED’. पैसे परत घेतले तर ‘REFUNDED’. एका क्रमांकात चारच कूपनं मावतात. पाच-सहा विमानं असतील तर लागून येणारा दुसरा क्रमांक मिळतो. म्हणून कुणाच्या रिसीटवर दोन क्रमांक दिसले तर ते दोनदा कापलेले पैसे नव्हेत.

ही कूपनं क्रमानंच वापरावी लागतात, आणि इथे घरातली माणसं हमखास शहाणपणा करतात. वर दिलेला प्रवास पाहा. निघण्याच्या आठवड्यात मुलगा म्हणतो, ‘नागपूर-मुंबई विमान कशाला, मला तसंही मुंबईत काम आहे, मी गाडीनं सोडतो आईला.’ ऐकायला सोयीचं वाटतं. पण पहिलं कूपन न वापरता बाई मुंबईच्या काउंटरवर उभ्या राहिल्या, तर नागपूरच्या विमानाला प्रवासी आला नाही म्हणून कंपनीच्या संगणकानं पुढची तिन्ही उड्डाणं रद्द केलेली असण्याची दाट शक्यता आहे. तिकीट हातात, पासपोर्ट हातात, व्हिसा हातात आणि विमानात नाव नाही. पहिला टप्पा गाळायचाच असेल तर आधी कंपनीशी बोलून तिकीट बदलून घ्यावं लागतं, त्याचे पैसे भरावे लागतात आणि नवी रिसीट घ्यावी लागते.

आता शीर्षकातला प्रश्न. तिकिटं काढणाऱ्यांच्या भाषेत ‘बुक करणं’ आणि ‘इश्यू करणं’ या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. एजंट त्याच्या संगणकावर तुमचं नाव घालून जागा धरतो, त्याच क्षणी पीएनआर तयार होतो. अजून एक रुपयाही कंपनीकडे गेलेला नसतो. कंपनी त्या आरक्षणाला मुदत घालते. कधी काही तासांची, कधी दोन-चार दिवसांची. त्या मुदतीत एजंटानं तिकीट इश्यू केलं तर तेरा आकडे जन्माला येतात. नाही केलं, तर जागा आपोआप सुटते आणि ज्याला हवी त्याला विकली जाते. तुम्हाला त्याचा फोन येईलच असं नाही.

पंचाईत अशी की जागा धरल्यावरही पीडीएफ काढता येते. तिच्यावर नाव असतं, विमानं असतात, वेळा असतात, ‘CONFIRMED’ असं ठळक लिहिलेलं असतं. ती खोटी नसते. जागा त्या क्षणी खरंच पक्की असते. नसतो तो फक्त तिकीट क्रमांक. व्हिसाच्या अर्जाला जोडायला अशीच आरक्षणं काढून दिली जातात, आणि तोच कागद पुढे महिनाभर ‘तिकीट’ म्हणून फाइलमध्ये राहतो. भाव उतरतील म्हणून थांबलेला एजंट असो, पैसे दुसरीकडे फिरवणारा असो किंवा नुसता विसरलेला, परिणाम एकच होतो.

खात्री करायला पाच मिनिटं लागतात आणि ती एजंटाला न विचारता करता येते. विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जायचं, ‘Manage Booking’ किंवा ‘My Trips’ असं जिथे लिहिलं आहे ते उघडायचं, पीएनआर आणि आडनाव टाकायचं. प्रवास दिसला आणि त्यात प्रत्येक माणसासमोर तेरा आकडी क्रमांक दिसला, तर तिकीट निघालं आहे. प्रवास दिसतोय पण पैसे भरायला सांगतोय किंवा ‘On Hold’ म्हणतोय, तर नुसती जागा धरलेली आहे. क्रमांक कुठेच दिसत नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून एवढंच विचारायचं: ‘या पीएनआरवर तिकीट इश्यू झालंय का, आणि कूपन ओपन आहेत का?’ हे वाक्य कानावर पडलं की समोरचा माणूसही मुद्द्याचं बोलतो.

पीएनआर टाकला आणि ‘असं आरक्षण सापडत नाही’ आलं, तरी लगेच एजंटाशी भांडू नका. एजंटाच्या आरक्षण यंत्रणेचा क्रमांक आणि विमान कंपनीचा क्रमांक हे वेगळे असू शकतात. तिकिटं विकणारी संकेतस्थळं तर या दोन्हींवर आपला तिसरा ‘बुकिंग आयडी’ मोठ्या टायपात छापतात, आणि लोक नेमका तोच टाकतात. रिसीटवर ‘Airline PNR’ किंवा ‘Airline Reference’ असं लिहिलेली सहा अक्षरं शोधायची. प्रवासात दोन कंपन्यांची विमानं असतील तर दोन वेगळे पीएनआरही असतात. O हे अक्षर आणि शून्य, I हे अक्षर आणि एक यांची गल्लत झाली नाही ना, तेही पाहावं.

एक अपवाद इथेच सांगायला हवा, कारण आपल्याकडचा पहिला विमान प्रवास बहुधा पुणे-दिल्ली किंवा मुंबई-गोवा असा देशातल्या देशात आणि स्वस्त कंपनीनं होतो. अशा काही कंपन्यांनी सुरुवातीपासून पीएनआर हेच तिकीट मानलं आहे. त्यांच्या रिसीटवर तेरा आकडे शोधून सापडणार नाहीत. तिथे पैसे भरल्याची नोंद आणि ‘Confirmed’ ही अवस्था कंपनीच्या संकेतस्थळावर दिसली की काम झालं.

रिसीटवर नंतर नाव पाहायचं, आणि महाराष्ट्रात ते दोनदा पाहायचं. विमानाच्या तिकिटावर आडनाव आधी येतं, मग तिरकी रेघ, मग नाव. शेवटी चिकटलेलं MRS किंवा MR पाहून दचकू नका. काही रिसीटांवर तर ते मधे जागा न सोडता ‘SUNANDAMRS’ असं छापून येतं. खरा घोळ मधल्या नावात असतो. आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असं लिहितो. अर्जात मात्र ‘First Name’ आणि ‘Last Name’ असे दोनच रकाने असतात. घाईत कुणीतरी पहिल्या रकान्यात सुनंदा आणि दुसऱ्यात आनंदराव घालतं, आणि पाटील उडून जातात. लग्नाआधीच्या नावाचा पासपोर्ट आणि लग्नानंतरच्या नावाचं आधार हाही नेहमीचाच प्रकार. परदेशी जाताना तिकीट पासपोर्टप्रमाणे हवं. त्यात ‘Surname’ समोर जे आहे ते आडनाव आणि ‘Given Name’ समोर जे आहे ते नाव. देशात जाताना जे ओळखपत्र गेटवर दाखवणार त्याप्रमाणे हवं. चूक दिसली तर त्याच दिवशी कळवा. एखाद-दुसरं अक्षर बऱ्याचदा दुरुस्त होतं. एका माणसाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर करून मिळत नाही.

आता वेळा. छापलेली प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. बाई मुंबईहून 02:20 ला निघून लंडनला 06:50 ला उतरतात, म्हणजे साडेचार तासांत पोचल्या असं नव्हे. जूनमध्ये लंडनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, त्यामुळे प्रवास नऊ तासांचा आहे. परतीच्या ओळीतलं ‘+1’ म्हणजे दुसऱ्या दिवशी: 20 ऑगस्टला रात्री साडेआठला निघून 21 ला सकाळी दहाला मुंबई.

या सगळ्यात मला सगळ्यात घातक वाटते ती ‘14JUN 0220’ ही ओळ. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. 14 जूनचे पहाटेचे 2:20 म्हणजे 13 तारखेला रात्री जेवून घरून निघायचं आहे. मुंबईतच राहणारा माणूस ‘14 तारखेचं विमान’ एवढं डोक्यात ठेवतो, 14 ला दिवसभर बॅगा भरतो आणि रात्री अकराला विमानतळावर पोचतो. तोवर विमान जाऊन जवळपास एक दिवस उलटलेला असतो. पहाटे चारच्या आतलं कोणतंही विमान असेल तर कॅलेंडरवर आदल्या दिवशीच्या चौकटीत लिहा: ‘आज रात्री निघायचं’.

‘1PC’ म्हणजे सामानाचा एक नग, जो काउंटरवर द्यायचा. नगाचं वजन किती चालेल ते खाली बारीक अक्षरांत असतं. काही रिसीटांवर नगांऐवजी ‘30K’ असं असतं, म्हणजे एकूण तीस किलो. चारही ओळींत हा आकडा सारखा आहे का ते पाहायचं. नागपूर-मुंबई आणि मुंबई-लंडन एकाच तिकिटावर असल्याचा फायदा असा की मधलं विमान उशिरा आलं आणि पुढचं सुटलं, तर पुढे पोचवणं ही कंपनीची जबाबदारी राहते. पैसे वाचवायला दोन्ही टप्प्यांची वेगळी तिकिटं काढली, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीनं बाई नुसत्या आल्या नाहीत, इतकंच.

पैशाच्या भागात मूळ भाडं, ‘YQ’ किंवा ‘YR’ नावाचा कंपनीचा अधिभार आणि मग कर असतात. ‘K3’ म्हणजे जीएसटी. तिकीट ‘NON REF’ असलं तरी न केलेल्या प्रवासाचे सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागता येतं, तसा आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. लोक मागत नाहीत, म्हणून ते पडून राहतात. परतावा मागताना पीएनआरपेक्षा तिकीट क्रमांक द्यावा. सहा अक्षरांचे पीएनआर काही काळानं दुसऱ्या प्रवाशाला पुन्हा दिले जातात.

रिसीट ही काढली त्या दिवसापुरती खरी असते. मार्चमध्ये काढलेल्या तिकिटाची वेळ मेमध्ये बदलली तर कंपनी ती पीएनआरमध्ये बदलते, ईमेल बहुधा एजंटाच्या पत्त्यावर जातो, आणि बाईंच्या प्लास्टिकच्या पाकिटातला कागद जुनीच वेळ सांगत राहतो. कधी त्याहून वाईट होतं: पीएनआरमध्ये नवं विमान येतं, पण तिकिटाचं कूपन जुन्या विमानाचंच राहतं. संकेतस्थळावर सगळं ठीक दिसतं आणि चेक-इन करताना मात्र काउंटरवर जा असा संदेश येतो. म्हणून वेळ बदलल्याचं कळलं की ‘तिकीट री-इश्यू झालंय का’ हे विचारायचं आणि नवी रिसीट मागायची. निघण्याच्या आठवड्यात आणि आदल्या दिवशी पीएनआर पुन्हा उघडून पाहायचा.

विमानतळाच्या दारात सीआयएसएफचा जवान हीच रिसीट आणि ओळखपत्र पाहतो: नाव, तारीख, विमान. फोनवरची चालते, पण वयस्कर माणसाच्या हातात छापील प्रत द्यावी. ऐन वेळी फोन लॉक होतो किंवा नातवाचा व्हिडिओ कॉल येतो. या कागदावर विमानात मात्र चढता येत नाही. त्यासाठी बोर्डिंग पास लागतो, आणि तो चेक-इन केल्यावर मिळतो.

शेवटी एक विनंती. तिकीट आलं की त्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर, मग फेसबुकवर टाकायची आपल्याला हौस असते. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर तुमचा प्रवास कुणालाही उघडता येतो. त्यातला फोन नंबर पाहता येतो आणि काही कंपन्यांकडे तिकीट रद्दसुद्धा करता येतं. बोर्डिंग पासच्या बारकोडमध्येही तोच पीएनआर असतो. फोटो टाकायचाच असेल तर विमानाच्या खिडकीचा टाका.